इमारतीच्या रेंडरमध्ये झाडं, गाड्या, माणसं: मापात बसवणं आणि डिझाइन न झाकणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची बहुतेक उत्तरं एकाच इमारतीवर दिली आहेत, म्हणजे हिशेब सोपा जाईल. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात दिसेल अशी ती आहे: खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले. स्टिल्ट धरून प्रत्येक मजला ३ मीटर, वर १.२ मीटरचा पॅरापेट, म्हणजे एकूण उंची १६.२ मीटर. दर्शनी बाजू १८ मीटर रुंद. डावीकडे बाल्कन्या, मधोमध ४ मीटरचा जिना, त्याला मातीच्या विटांची जाळी आणि खाली प्रवेशद्वार, उजवीकडे बेडरूमच्या खिडक्या. समोर ४.५ मीटर मोकळी जागा, मग कंपाउंड वॉल आणि फुटपाथ धरून ९ मीटरचा रस्ता. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर आणि इमारतीपासून २५ मीटर लांब.

माणूस किंवा गाडी चित्रात किती मोठी हवी हे नजरेनेच ठरवायचं का?

नाही, ते मोजता येतं. त्यासाठी फक्त क्षितिजरेषा माहीत हवी. कॅमेरा १.५ मीटरवर असेल आणि जमीन सपाट असेल, तर त्या जमिनीवरची प्रत्येक वस्तू, जवळ असो वा लांब, क्षितिजरेषेला आपल्या १.५ मीटर उंचीवर भेटते. म्हणून १.६५ मीटरचा माणूस फुटपाथवर उभा केला काय किंवा रस्त्याच्या टोकाला, क्षितिजरेषा त्याच्या डोळ्यांच्या थोडी खालूनच, साधारण नाकाजवळून जाणार. लांबचा माणूस लहान दिसतो तो त्याचे पाय वर सरकतात म्हणून. डोकं जवळपास त्याच रेषेत राहतं. रेंडरमध्ये माणसांची डोकी वेगवेगळ्या उंचीवर नाचताना दिसली, की समजायचं कोणीतरी कटआउट अंदाजाने ताणले आहेत.

फोटोशॉपमध्ये बसवताना हिशेब असा:

```
चित्रातली उंची = (पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचे पिक्सेल) × (वस्तूची खरी उंची ÷ कॅमेऱ्याची उंची)
```

समजा, माणसाचे पाय क्षितिजरेषेच्या २४० पिक्सेल खाली टेकतात. म्हणजे त्या जागी १.५ मीटर म्हणजे २४० पिक्सेल, एक मीटर म्हणजे १६० पिक्सेल. १.६५ मीटरचा माणूस २६४ पिक्सेलचा झाला. त्याच ओळीत उभी असलेली १.५२ मीटर उंचीची स्विफ्ट २४३ पिक्सेलची, १.१ मीटरची शाळकरी मुलगी १७६ पिक्सेलची आणि ८ मीटरचं झाड १२८० पिक्सेलचं.

दोन अटी लक्षात ठेवा. चित्रातल्या उभ्या रेषा खरोखर उभ्या हव्यात, म्हणजे कॅमेरा वर किंवा खाली झुकवलेला नको. आणि जमीन एका पातळीत हवी. चढाचा रस्ता असेल तर हा हिशेब तसाच वापरू नका. ती माणसं मॉडेलमध्येच उभी करून रेंडर करा.

प्लिंथवर किंवा बाल्कनीत उभ्या माणसाचं काय?

प्लिंथ ४५ सेंटिमीटर उंच असेल तर त्या जमिनीपासून कॅमेरा १.०५ मीटरवरच आहे, तेव्हा सूत्रात १.०५ घ्या. पाय क्षितिजरेषेच्या ८४ पिक्सेल खाली असतील तर एक मीटर म्हणजे ८० पिक्सेल, माणूस १३२ पिक्सेलचा. इथे चुकून १.५ घेतले तर तो ९२ पिक्सेलचा होतो, म्हणजे प्रत्यक्षात १.१५ मीटरचा. लॉबीच्या दारात उभा वॉचमन पहिलीतल्या पोरासारखा दिसतो तो यामुळेच.

बाल्कनीत क्षितिजरेषा सोडा आणि कठड्यावरून मोजा. कठडा १.१ मीटर असेल तर माणूस त्याच्या दीडपट. पण रस्त्यावरून बघताना बाल्कनीतला माणूस पूर्ण दिसत नाही, हे अनेकजण विसरतात. कठडा भरीव असेल आणि माणूस त्याच्या मागे एक मीटरवर उभा असेल, तर आपल्या कॅमेऱ्यातून दुसऱ्या मजल्यावर त्याचं डोकं आणि थोडे खांदे दिसतात. चौथ्या मजल्यावर फक्त कपाळ. म्हणून वरच्या मजल्यांवरची माणसं कठड्याला अगदी टेकून उभी करायची, नाहीतर ठेवायचीच नाहीत. मी बहुधा दुसऱ्या मजल्याच्या वर कोणाला उभं करत नाही. त्याऐवजी वाळत घातलेली एखादी चादर किंवा कुंडी पुरते.

लायब्ररीतून आणलेला माणूस दुमजली उंचीचा येतो, असं का?

एककाचा घोळ. ५.५ फुटांचा माणूस ज्या फाइलमध्ये फुटांत बनला, ती मीटरमध्ये उघडली की तो ५.५ मीटरचा होतो. चूक किती पटीची आहे ते पाहिलं की कारण लगेच कळतं: ३.२८ पट म्हणजे फूट आणि मीटर, २५.४ पट म्हणजे इंच आणि मिलिमीटर, दहापट, शंभरपट किंवा हजारपट म्हणजे मिलिमीटर, सेंटिमीटर, मीटर यांची अदलाबदल. अशा वेळी कोपरा धरून नजरेने लहान करू नका. नेमक्या त्या संख्येने भागा.

यापेक्षा वाईट चूक म्हणजे दहा-पंधरा टक्क्यांची. ती दिसत नाही, पण सगळं चित्र खोटं वाटतं. त्यावर उपाय एकच: प्रत्येक नवी फाइल आधी रिकाम्या सीनमध्ये उघडून मोजपट्टीने मोजायची. हॅचबॅक साधारण ३.८ ते ४ मीटर लांब, रिक्षा २.६ मीटरच्या आसपास, अ‍ॅक्टिव्हासारखी स्कूटर १.८ मीटर. एवढे तीन आकडे टेबलासमोर लिहून ठेवले की बरंच भागतं.

सगळं मापात आहे, तरी इमारत बुटकी वाटते.

माणसं तपासा. परदेशी लायब्ररीतला पुरुष बऱ्याचदा १.८३ मीटरचा असतो. आपल्याकडे दाराची चौकट साधारण २.१ मीटरची. १.६५ मीटरचा माणूस दारात उभा राहिला तर डोक्यावर ४५ सेंटिमीटर मोकळे राहतात, १.८३ चा उभा राहिला तर जेमतेम २७. पाहणारा दाराचं माप काढत बसत नाही, पण दार ठेंगणं आहे एवढं त्याला जाणवतं आणि सगळे मजले ठेंगणे वाटू लागतात. उलट इमारत भव्य दिसावी म्हणून मुद्दाम १.४ मीटरची माणसं टाकण्याची युक्तीही चालते. ती लबाडी आहे आणि शेजारी उभी असलेली गाडी ती उघडी पाडते.

समोर एकच झाड लावलं, तरी अर्धी इमारत झाकली. एक झाड नेमकं किती झाकतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश बघू. झाड इमारतीला चिकटून असेल तर जेवढा त्याचा घेर, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याची रुंदी, तेवढीच भिंत झाकली जाते. ते कॅमेऱ्याकडे सरकलं की झाकणारी जागा वाढते, आणि ती या प्रमाणात वाढते:

```
झाकलेली रुंदी = झाडाचा घेर × (कॅमेरा ते इमारत ÷ कॅमेरा ते झाड)
```

आपल्या इमारतीसमोर, कंपाउंड वॉलच्या बाहेर फुटपाथवर एक झाड आहे असं धरा. ते इमारतीपासून ५.५ मीटर पुढे, म्हणजे कॅमेऱ्यापासून १९.५ मीटरवर. गुणक झाला १.२८. घेर ६ मीटर असेल तर ७.७ मीटर भिंत झाकली गेली, १८ मीटरच्या दर्शनी बाजूपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त. तेच झाड कॅमेऱ्यापासून १० मीटरवर आणलं तर ते १५ मीटर झाकतं. मग रेंडर इमारतीचं उरत नाही, झाडाचं होतं.

उंचीचा हिशेबही असाच, फक्त तो जमिनीपासून न करता क्षितिजरेषेपासून करायचा. फुटपाथवरचं झाड ८ मीटर उंच आहे आणि त्याच्या फांद्या ३ मीटरवर सुरू होतात असं समजा. शेंडा क्षितिजरेषेच्या ६.५ मीटर वर आहे, त्याला १.२८ ने गुणून त्यात १.५ मिळवले की ९.८ मीटर. फांद्यांची खालची कड तशीच ३.४ मीटरवर पडते. म्हणजे झाडाची पानं भिंतीवर ३.४ ते ९.८ मीटरपर्यंत पसरली. पहिला मजला ३ मीटरला सुरू होतो, तिसरा ९ ला. पहिले दोन मजले गेले, स्टिल्ट मात्र खोडाच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतो. ज्या पार्किंगमध्ये बघण्यासारखं काही नाही ते उघडं आणि ज्या बाल्कन्यांसाठी आर्किटेक्ट दोन महिने झगडला त्या झाकलेल्या.

मग झाड कुठे लावायचं?

सरकवण्याआधी आर्किटेक्टला विचारा की कुठल्या दोन-तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. आपल्या इमारतीत त्या म्हणजे जिन्याची जाळी, तिच्याखालचं प्रवेशद्वार, आणि बाल्कन्यांचा तो डावा कोपरा जिथे इमारत वळते. बेडरूमच्या खिडक्या चारही मजल्यांवर सारख्याच आहेत. त्यातल्या दोन झाकल्या तरी बघणारा बाकीच्या मनात भरून घेतो. म्हणून झाड उजवीकडे. घेर ६ वरून ४ मीटर केला की भिंतीवर ५.१ मीटर येतात, आणि झाडाचं खोड इमारतीच्या उजव्या कडेच्या रेषेत आणलं की त्यातले निम्मे बाहेरच्या आकाशावर पडतात. अडीच मीटर भिंत झाकली, तीही पुनरावृत्तीची. झाड मात्र पूर्ण दिसतं.

सरळ रेषांचे कोपरे, पॅरापेटची वरची रेषा आणि इमारत जमिनीला टेकते ती जागा ही तीन ठिकाणं झाडाखाली शक्यतो जाऊ देऊ नका. इमारतीचा आकार डोळा इथूनच ओळखतो. भिंतीचा मधला भाग झाकला तर फारसं बिघडत नाही. कोपरा झाकला तर इमारत किती रुंद आहे हेच कळेनासं होतं.

मागे झाडं लावायची असतील तर तीही मोजूनच. इमारतीच्या मागे, कॅमेऱ्यापासून ३५ मीटरवर १२ मीटरचं झाड ठेवलं तर ते आपल्या भिंतीच्या पातळीवर ९ मीटरपर्यंतच पोचतं, म्हणजे फक्त बाजूच्या मोकळ्या जागेतून दिसतं. या जागी पॅरापेटच्या वर डोकवायला झाड २२ मीटरहून उंच लागेल. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून नारळाच्या झावळ्या डोकावताना दिसल्या की त्या बहुधा हिशेबाबाहेरच्या असतात. मागची झाडं बाजूंनी दिसली तरी फार उपयोगी पडतात: फिकट भिंतीच्या कडेला गडद हिरवं आलं की इमारतीची कड ठळक होते.

कॅमेऱ्याजवळ एक फांदी वरून लोंबती ठेवतात ते बरोबर का?

ठीक आहे, फक्त ती आकाशावर ठेवा. पण आपला कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. मोकळी जागा आणि रस्ता मिळून साडेतेरा मीटर होतात, कॅमेरा २५ मीटरवर. म्हणजे तो समोरच्या सोसायटीच्या आवारात आहे आणि ती सोसायटी आपण चित्रातून गायब केली आहे. तिथे पाम लावून हिरवळ आणि कारंजं दाखवायचं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बाग करणं. साडेतेरा मीटरच्या अलीकडे मी वरची फांदी आणि रस्त्यावर पडलेली तिची सावली यापलीकडे काही टाकत नाही. सावलीने खालचा रिकामा डांबरी पट्टा मोडतो आणि भिंतीचं एक बोटही झाकलं जात नाही.

झाड थोडं पारदर्शक केलं तर?

एलिव्हेशनच्या ड्रॉइंगवर रेषेतलं झाड आरपार दिसलं तर चालतं, तिथे ते चिन्ह असतं. फोटोसारख्या रेंडरमध्ये नको. पानांतून खिडकीची चौकट भुतासारखी दिसते आणि सगळ्या चित्रावरचा विश्वास उडतो. त्याऐवजी विरळ पानांचं झाड निवडा किंवा मॉडेलमधल्या दोन-चार फांद्या छाटा. शेवगा, पानगळीतला चाफा, कोवळा बहावा यांच्यातून मागची भिंत खरोखरच दिसते. आंबा, जांभूळ, करंज यांच्यातून नाही.

कुठली झाडं घ्यावीत आणि केवढी?

लायब्ररीतली झाडं बहुतेक पूर्ण वाढलेली असतात. नव्या इमारतीसमोर बिल्डर लावतो ते रोप दोन-तीन मीटरचं. यातला मधला रस्ता म्हणजे चार-पाच वर्षांनी दिसेल तेवढं झाड, साडेचार ते सहा मीटर. फुटपाथवर साडेचार मीटरचं झाड आपल्या भिंतीवर ५.३ मीटरपर्यंतच पोचतं, म्हणजे पहिल्या मजल्याच्या वर जात नाही. काम आपोआप सोपं होतं.

जातीप्रमाणे आकार ओळखा. गुलमोहर उंचीपेक्षा आडवा जास्त पसरतो, म्हणून दर्शनी भागासमोर तो सगळ्यात महागात पडतो. आसूपालव, ज्याला सगळे अशोक म्हणतात, तो खांबासारखा सरळ. दोन खिडक्यांमधल्या कोऱ्या पट्टीसमोर चपखल बसतो, पण चार ओळीने लावले की मंगल कार्यालय वाटतं. ऋतूही सांभाळा. गुलमोहर, बहावा, ताम्हण उन्हाळ्यात फुलतात. तिघांचा बहर आणि खाली जुलैचा ओला रस्ता एका चित्रात आला की कुठल्याही बागवानाला हसू येईल. शिवाय लाल गुलमोहर चित्रातला सगळ्यात भडक रंग असतो. नजर जाळीवर न जाता तिकडे जाते. फुलाशिवायचा वापरा.

साइटवर आधीपासून मोठं झाड आहे आणि ते नेमकं प्रवेशद्वारासमोर येतं. काढून टाकू का?

चित्रातून काढलं म्हणून ते साइटवरून जात नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचं कवच आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि रेंडर जाहिरातीत जाणार असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ ध्यानात ठेवा: जाहिरातीतल्या खोट्या चित्रणावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई प्रवर्तकाच्या गळ्यात पडते.

झाड सर्व्हेच्या ड्रॉइंगवरून नेमक्या जागी, नेमक्या घेराचं उभं करा आणि कॅमेरा हलवा. डावीकडे तीन-चार मीटर सरकलं की खोड दारावरून बाजूला होतं. तरीही अडलं तर झाडाच्या पलीकडून, फांद्यांखालून दिसणारा प्रवेशद्वाराचा वेगळा जवळचा व्ह्यू द्या. क्लायंटला हा बऱ्याचदा जास्त आवडतो.

गाड्यांनी खालचा मजला झाकला जातो. गाड्याच टाकू नयेत का?

टाका. गाडीची गंमत अशी की ती उंचीने झाकत नाही. स्विफ्टचं छप्पर १.५२ मीटरवर, कॅमेरा १.५ वर, म्हणून ती कुठेही उभी केली तरी भिंतीवर साधारण दीड मीटरच्या वर जात नाही. झाकते ती लांबीने. कॅमेऱ्यापासून १० मीटरवर आडवी उभी केली तर ३.८६ मीटरची गाडी जवळजवळ १० मीटर स्टिल्ट झाकते. तीच तोंड कॅमेऱ्याकडे करून ठेवली तर १.७ मीटर रुंदीमुळे जेमतेम सव्वाचार मीटर. म्हणून जवळची गाडी कोनात, आडवी गाडी इमारतीजवळ. कॅमेऱ्यापुढून जाणारी बस नको. तिची उंची तीन मीटरच्या पुढे जाते आणि दरवाजासकट पहिला मजला घेऊन जाते.

गाडीचा कटआउट घेताना छप्पर बघा. छपराचा वरचा पत्रा दिसत असेल तर तो फोटो उंचावरून काढलेला आहे. दीड मीटरच्या चित्रात तो कधीच बसणार नाही, कितीही फिरवा. कटआउट आरशासारखा उलटा करू नका: स्टिअरिंग डावीकडे जातं, नंबरप्लेटही उलटी होते. परदेशी लायब्ररीतल्या गाड्यांचं स्टिअरिंग आधीच डावीकडे असतं, तेही बघा. आणि गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालू द्या.

प्रत्येक चाकाखाली काळी, घट्ट सावली हवी. ती नसेल तर गाडी दोन इंच हवेत तरंगते आणि माप बरोबर असूनही लहान दिसते.

ब्रोकर लोक दारात महागडी जर्मन गाडी मागतात. दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या इमारतीसमोर मी स्कूटर, एक हॅचबॅक आणि फार तर एक रिक्षा ठेवतो. रिक्षाचा पिवळा रंग मात्र फुलांइतकाच नजर ओढतो, तेव्हा ती कडेला.

माणसं किती?

या आकाराच्या चित्रात पाच-सात पुरतात. एक मापासाठी दारात. दोघं-तिघं दाराकडे चालत येणारी, म्हणजे नजर तिकडे जाते. एखादं मूल, कारण मूल आणि मोठं माणूस शेजारी असले की उंची लगेच पटते. जाळीसमोर कोणी नको आणि चित्राच्या कडेकडून बाहेर चालत जाणारा कोणी नको. ओव्हरकोट घातलेली परदेशी माणसं पुण्याच्या एप्रिलमध्ये घेऊ नका. साडी, पंजाबी ड्रेस, शाळेचा गणवेश यांचे कटआउट जमवून ठेवा. एकच बाई दोनदा दिसत नाही ना, हेही एकदा पाहा.

वरून दिसणाऱ्या व्ह्यूला हेच नियम चालतात का?

नाही. तिथे क्षितिजरेषा चित्राबाहेर किंवा अगदी वर असते आणि कॅमेराही खाली झुकलेला असतो. कॅमेऱ्याकडे आपोआप वळणारी सपाट माणसं आणि झाडं वरून पुठ्ठ्यासारखी दिसतात. सगळं त्रिमितीय मॉडेलच वापरा. झाडं बाजूच्या मोकळ्या जागेत ठेवा. उंच झाड इमारतीच्या पुढच्या बाजूला असेल तर वरून त्याचा शेंडा खालच्या मजल्यांवर येतो.

पाठवण्याआधी शेवटचं काय बघायचं?

झाडं, गाड्या, माणसं यांचा सगळा थर बंद करून एकदा रेंडर बघा आणि लगेच चालू करून बघा. बंद असताना जे दिसत होतं आणि चालू केल्यावर शोधावं लागतं, ते डिझाइन झाकलं गेलं. मग चित्र बोटाएवढं लहान करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लायंट तेवढंच बघणार आहे. त्यातही जाळी आणि दार ओळखू आलं तर पाठवा.